संध्याकाळच्या विमानाची सकाळ

मुंबईहून दिल्लीला संध्याकाळी जायचे आहे. पडद्यावर दोन विमाने शेजारी शेजारी दिसतात. एक ७ वाजून २० मिनिटांनी सुटणारे, दुसरे ७ वाजून ३५ मिनिटांनी. भाड्यात शंभर-दीडशे रुपयांचा फरक, दोन्हीकडे पंधरा किलोंचे सामान, दोन्ही थेट. बहुतेक माणसे इथे स्वस्त तिकिटावर बोट ठेवतात आणि पुढे जातात. पण या दोन ओळींच्या मागे दोन अगदी वेगळे दिवस दडलेले असतात, आणि ते दिवस कोणालाही उलगडून पाहता येतात. मला या गोष्टीचे अजूनही नवल वाटते.

समजा, ७.३५ ला सुटणारे विमान पहाटेपासून कामावर आहे. सकाळी ६ ला ते मुंबईहून बंगळुरूला गेले, तिथून कोलकात्याला, कोलकात्याहून दुपारी पावणेतीनला परत मुंबईत, मग नागपूर, आणि नागपूरहून संध्याकाळी ६.५५ ला पुन्हा मुंबई. तुम्ही त्यात चढाल तेव्हा ती त्याची दिवसातली सहावी फेरी असेल. प्रत्येक मुक्कामावर उतारू उतरवणे, सफाई, इंधन, सामान, नवे उतारू या सगळ्याला मिळून पस्तीस ते चाळीस मिनिटे ठेवलेली. या थांब्याला विमानतळावर टर्नअराउंड म्हणतात. कामगारांनी जोर लावला तर तो अर्ध्या तासात उरकतो, त्याखाली फारसा जात नाही.

आता एप्रिलमधली एखादी दुपार घ्या. कोलकात्यावर वादळ येते आणि विमान तिथून पन्नास मिनिटे उशिरा निघते. मुंबईत थांबा आटपून दहा मिनिटे वाचतात, नागपुरात पाच, हवेत आणखी थोडी. पण मधल्या वेळेत मुंबईच्या धावपट्टीवरची त्याची ठरलेली जागा निघून गेलेली असते आणि परत येताना ते रांगेत घिरट्या घालते. दुपारी बंगालच्या आकाशात जमलेला ढग संध्याकाळी मुंबईत, कोरड्या हवेत, अर्ध्या तासाचा उशीर होऊन तुमच्यासमोर उभा राहतो. फलकावर मात्र फक्त नवी वेळ दिसते.

७.२० चे विमान समजा दिल्लीहूनच ६.०५ ला आले आहे. त्याला मुंबईत तब्बल सव्वा तास मिळतो. ते चाळीस मिनिटे उशिरा आले तरी ७.२० ला सुटू शकते. भाडे जवळपास तेच, आसने तीच, पण एका विमानाच्या मागे मोकळा वेळ आहे आणि दुसऱ्याच्या मागे नाही.

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात मोठ्या विमानतळांवर कोणत्या कंपनीची किती टक्के विमाने वेळेवर होती हे असते, आणि उशिराची कारणेही असतात. त्या कारणांमध्ये हवामान आहे, तांत्रिक बिघाड आहे, विमानतळ आणि वाहतूक नियंत्रण आहे. पण बहुतेक महिन्यांत सर्वांत मोठा वाटा ‘रिअ‍ॅक्शनरी’ नावाच्या कारणाचा असतो. याचा अर्थ एवढाच, की आधीची फेरी उशिरा झाली म्हणून ही उशिरा झाली. भारतातल्या विमानांचा उशीर मुख्यतः वारशाने आलेला असतो. हे कळल्यावर तिकीट निवडण्याचा प्रश्नच बदलतो. कंपनी चांगली की वाईट यापेक्षा हे विमान कुठून येणार आणि त्याला मध्ये श्वास घ्यायला किती वेळ आहे, हे विचारायला लागते.

वेळेवर म्हणजे काय, हेही आधी समजून घ्यायला हवे. जगभर रूढ असलेला मापदंड १५ मिनिटांचा आहे. ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असेल तर ते विमान वेळेवर. सोळा मिनिटे उशीर आणि चार तास उशीर या मोजणीत सारखेच, दोन्ही ‘उशिरा’. आणि रद्द झालेल्या विमानांचा हिशेब डीजीसीएच्या अहवालात वेगळ्या तक्त्यात असतो. म्हणून टक्केवारी एकटी पाहू नये, शेजारचा रद्दचा आकडाही पाहावा.

पण कंपनीची महिन्याची टक्केवारी तुमच्या विशिष्ट फेरीबद्दल फारसे सांगत नाही. त्यात पहाटेची ताजी विमाने आणि रात्रीची दमलेली विमाने एकत्र मिसळलेली असतात. त्यासाठी फेरीचा स्वतःचा इतिहास हवा. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर फ्लाइट क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांची यादी फुकट दिसते. ठरलेली वेळ काय होती, चाके प्रत्यक्षात कधी उचलली, कधी टेकली, आणि त्या दिवशी कोणते विमान होते, हे सगळे ओळीने. विमाने स्वतःची जागा आणि उंची सतत रेडिओवरून सांगत असतात. जगभरातल्या हौशी लोकांनी घरांच्या गच्च्यांवर लावलेले छोटे अँटेना ते संदेश पकडतात आणि त्यातून ही वही भरत जाते. आपण पाहतो ती नोंद कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या गच्चीवरून आलेली असते.

समजा, आपल्या दोन फेऱ्यांची सात दिवसांची यादी अशी निघाली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. ७.३५ च्या विमानाचा पोहोचण्यातला उशीर मिनिटांत: २, ५, ०, ९, १२, ४ आणि एका दिवशी १४०. ७.२० च्या विमानाचा: १८, २२, १६, २५, १९, २१, १७. टक्केवारीने पाहिले तर पहिले सातपैकी सहा दिवस वेळेवर आणि दुसरे एकदाही नाही. सरासरी काढली तर उलट होते. पहिल्याची सरासरी सुमारे २५ मिनिटे, दुसऱ्याची सुमारे २०. एकाच नोंदवहीतून दोन उलटी उत्तरे येतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

मग कोणते घ्यायचे? दिल्लीला उतरून घरी जायचे असेल तर पहिले. सहा दिवस ते वेळेवर पोहोचवते आणि सातव्या दिवशी जेवण उशिरा होईल, एवढेच. पण दिल्लीहून त्याच तिकिटावर दोन तासांनी परदेशी विमान पकडायचे असेल तर मी डोळे झाकून दुसरे घेईन. ते रोज वीस मिनिटे उशिरा येते आणि पंचवीसच्या पलीकडे जात नाही. त्याच्या उशिराला शिस्त आहे. जोडविमान पकडणाऱ्याला सरासरीशी काही देणेघेणे नसते, त्याला सर्वांत वाईट दिवस किती वाईट आहे तेच महत्त्वाचे असते.

त्या १४० मिनिटांकडे मात्र नीट पाहावे लागते. त्याच संध्याकाळी मुंबई-दिल्लीची बाकीची विमाने उघडून पाहावीत. सगळीच दोन-अडीच तास लेट असतील तर त्या रात्री दिल्लीवर वादळ असेल किंवा मुंबईत धावपट्टी अडली असेल, आणि तो दोष या फेरीचा नाही. एकटेच लेट असेल तर त्या दिवशीच्या विमानाच्या रजिस्ट्रेशनवर बोट ठेवायचे. भारतीय विमानांचे रजिस्ट्रेशन `VT-` ने सुरू होते. ते दाबले की त्या विमानाचा सगळा दिवस उघडतो आणि उशीर कोणत्या शहरात जन्मला ते दिसते. सात दिवस ही फार लहान खिडकी आहे, हे लक्षात ठेवावे. शक्य असेल तर तुमच्या प्रवासाच्या वारी ते विमान कसे वागते हे दोन-तीन आठवडे अधूनमधून पाहावे. शुक्रवारची संध्याकाळ आणि मंगळवारची दुपार यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो.

या वहीत आणखी एक गंमत लपलेली असते. मुंबई ते दिल्ली हे सरळ अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर. जेट विमान ताशी सव्वाआठशेच्या वेगाने जाते, त्यामुळे चढण्या-उतरण्यासह हवेतला वेळ दीड ते पावणेदोन तासांच्या आसपास असतो. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तास किंवा त्याहून जास्त छापलेले असतात. जादा वेळ धावपट्टीपर्यंत सरपटत जायला, रांगेला आणि घिरट्यांना लागतो, आणि थोडा वेळ कंपनीने राखीव ठेवलेला असतो. एका कंपनीने दोन तास दहा मिनिटे छापली आणि दुसरीने दोन तास तीस, तर दोन्ही विमाने दोन तास वीस मिनिटांत पोहोचली तरी पहिली दहा मिनिटे लेट आणि दुसरी दहा मिनिटे लवकर ठरते. म्हणून मी उशिराची मिनिटे मोजून थांबत नाही. प्रत्यक्ष पोहोचल्याची घड्याळातली वेळ पाहतो आणि त्या दोन वेळा शेजारी ठेवतो.

मुंबईची गोष्ट इथे वेगळी सांगायला हवी. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. या एका पट्टीवर गर्दीच्या तासात ४६ विमानांची ये-जा होत असे. म्हणजे सरासरी दर ७८ सेकंदांना एक विमान उतरत किंवा सुटत असे. एक विमान पट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट जास्त घेते आणि मागची सगळी रांग सरकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतली ही संख्या ४६ वरून ४४ वर आणायला सांगितली. दोन विमाने कमी केल्याने काय होणार असे वाटेल. पण पूर्ण भरलेल्या रांगेत एकदा झालेला उशीर मुरायला जागाच नसते. तासातल्या दोन रिकाम्या जागा म्हणजे उशीर जिरवण्याची जागा.

यातूनच जुना सल्ला येतो की दिवसाचे पहिले विमान घ्यावे. रात्रभर मुंबईतच उभे असलेले विमान कोणाचाही वारसा घेऊन येत नाही. हा सल्ला वर्षातले बहुतेक महिने खरा आहे. पण डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीसाठी तो उलटा पडतो, आणि इथेच विमानाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

दिल्लीचे धुके पहाटे दाट होते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत रेंगाळते. मुंबईहून सहाला निघालेले विमान सव्वाआठला तिथे पोहोचते, म्हणजे नेमके धुक्याच्या पोटात. उतरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. धावपट्टीवर कॅट-थ्री दर्जाची उपकरणे हवीत, विमानात आपोआप उतरण्याची तशी यंत्रणा हवी आणि पायलटाने त्याचे प्रशिक्षण घेतलेले हवे. तिन्ही जुळले तर दिल्लीत धावपट्टीवर अवघे ५० मीटर दिसत असतानाही विमान उतरते. ५० मीटर म्हणजे पायलटाला पट्टीवरचे जेमतेम तीन-चार दिवे दिसतात, तेही शेवटच्या क्षणी. दोनशे माणसांना घेऊन ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने येणारे यंत्र जवळजवळ आंधळेपणाने, पट्टीच्या बरोबर मध्यरेषेवर चाके टेकवते. मला यापेक्षा मोठा चमत्कार रोजच्या जगण्यात दिसत नाही.

पण सुटायला १२५ मीटर दिसावे लागतात, कारण उड्डाण पायलट स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी करतो. त्यामुळे पहाटे कधी कधी विमाने उतरत राहतात आणि सुटू शकत नाहीत, उभी करायला जागा संपत जाते. मग दिल्लीतले वाहतूक प्रवाह नियंत्रण केंद्र दूरच्या विमानांना जमिनीवरच थांबवते आणि प्रत्येकाला सुटण्याची मोजून काढलेली वेळ देते. तुमचे पहाटेचे ताजे विमान मुंबईच्या स्वच्छ हवेत दार लावून उभे राहते. जानेवारीत दिल्लीला जायचे असेल तर दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान पोहोचणारे विमान शोधावे. तोवर धुके उठलेले असते आणि सकाळचा खोळंबा निस्तरायला थोडा वेळ मिळालेला असतो.

विमानाचा प्रकार फ्लाइटरडार२४ वर चार अक्षरांत लिहिलेला असतो. `A20N` म्हणजे एअरबस ए३२० निओ, `A21N` म्हणजे त्याचेच लांब भावंड ए३२१ निओ, `B38M` म्हणजे बोइंग ७३७ मॅक्स ८, `AT76` म्हणजे एटीआर ७२-६००. यातला पंख्याचा एटीआर ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडची एटीआर विमाने कॅट-थ्रीच्या धुक्यात उतरत नाहीत. दिल्लीहून पुढे जयपूर, देहरादून किंवा धर्मशाळेला जाणारी पहाटेची फेरी एटीआरची असेल, तर शेजारचे जेट उतरत असताना ती अडकून पडू शकते. धर्मशाळेला पर्याय नाही, तिथली छोटी धावपट्टी एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांसाठीच आहे. देहरादूनला मात्र जेटही जाते, तेव्हा जानेवारीत मी तेच निवडेन.

याचा अर्थ एटीआर वाईट असा नाही. छोट्या धावपट्टीची छोटी गावे त्याच्याच बळावर नकाशावर आली. ते ताशी पाचशे किलोमीटरने जाते, जेट आठशेवर. पण मुंबई-गोवा इतक्या, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरच्या अंतरावर, जेटचा निम्मा वेळ चढण्या-उतरण्यात जातो आणि प्रत्यक्षातला फरक दहा-पंधरा मिनिटांवर येतो. एटीआरमध्ये सत्तर-ऐंशी माणसे, दोन-दोनच्या रांगा, मधले आसन नाही. ए३२१ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास माणसे एकाच अरुंद वाटेतून चढतात. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला उतरायला लागणारा वेळ धरला तर छोट्या विमानाने हवेतली बरीच मिनिटे जमिनीवर परत मिळवलेली असतात. मात्र एटीआर पंचवीस हजार फुटांच्या वर जात नाही, म्हणून पावसाळ्यात ढगांवरून जाण्याऐवजी त्यांना वळसा घालतो आणि हादरेही जास्त जाणवतात. डोक्यावरचे कप्पेही लहान असतात, चाकांची बॅग बहुधा खाली द्यावी लागते.

दुसऱ्या टोकाला मोठे, दोन वाटांचे विमान. मुंबई-दिल्ली मार्गावर कधी कधी लांब पल्ल्याचे रुंद विमान दिसते आणि हात आपोआप तिकडे जातो. आसन ऐसपैस, प्रवास शांत. पण त्याचा वारसा तपासल्याशिवाय घेऊ नये. ते समुद्रापारच्या लांब फेरीवरून येऊन दोन परदेशी फेऱ्यांच्या मधल्या फटीत दिल्लीची फेरी करत असेल, तर दहा हजार किलोमीटर दूरचा उशीरही तुमच्या वाट्याला येतो. आणि ते बिघडले तर तेवढे मोठे दुसरे विमान त्या विमानतळावर सहसा उभे नसते. याउलट ज्या कंपनीची मुंबईत डझनावारी ए३२० आहेत, ती एक नादुरुस्त झाले तर दुसरे पुढे करू शकते. नेहमीच्या विमानाच्या बाजूने हा माझ्या मते सर्वांत पटणारा मुद्दा आहे.

फेरीच्या इतिहासाबाबत अमेरिकेतल्या मराठी मंडळींना आपल्यापेक्षा मोठा खजिना मिळालेला आहे. तिथल्या परिवहन खात्याचे ब्यूरो ऑफ ट्रान्सपोर्टेशन स्टॅटिस्टिक्स १९८७ पासून मोठ्या कंपन्यांच्या एकेका फेरीची नोंद उघड ठेवते. आधी दारापासून निघाल्याची वेळ, पुढे विमानाचा शेपटीवरचा क्रमांक आणि चाके उचलल्याची वेळ, आणि २००३ पासून उशिराचे कारणही. नेवार्कहून शिकागोला जाणारा एखादा माणूस तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतले आपले विमान सकाळी कुठे होते ते आजही शोधू शकतो. एखादी फेरी महिन्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा तीस मिनिटांपेक्षा जास्त लेट होत राहिली, तर तिला जुनाट उशिराची फेरी मानतात आणि तसे वेळापत्रक महिनोन्महिने चालू ठेवणे ही तिथे ग्राहकाची फसवणूक ठरते. आपल्याकडे फेरीनिहाय अशी सरकारी वही खुली झाली तर मला मनापासून आनंद होईल.

कोणतीही वही मागचेच सांगते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि अपुरे मनुष्यबळ यांची गाठ पडली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची शेकडो विमाने रोज रद्द झाली. आधीच्या महिन्यांचे आकडे पाहून कोणाला ते कळले नसते. तसेच कंपनी आयत्या वेळी विमान बदलते. बुकिंगच्या वेळी ए३२० असलेली फेरी एटीआर होऊ शकते आणि आदल्या दिवशी निवडलेले आसन सरकते. आसनांचा नकाशा अचानक बदललेला दिसला की समजावे, विमान बदलले.

प्रवासाच्या दिवशी मात्र ही नोंद वर्तमानकाळात येते. सुटण्याच्या तीनेक तास आधी आपल्या फेरीला कोणते रजिस्ट्रेशन लावले आहे ते पाहावे आणि ते विमान आत्ता कुठे आहे ते शोधावे. ७.३५ चे विमान साडेपाचपर्यंत नागपूरहून हललेले नसेल, तर ते सातच्या आधी मुंबईत येणे कठीण आहे, हे कंपनीचा संदेश येण्याआधीच कळते. जोडविमान धोक्यात असेल तर तेवढ्या वेळात काउंटरवर जाऊन ७.२० च्या विमानात जागा मागता येते, रांग लागण्याआधी. विमानतळावर मात्र मूळ वेळेप्रमाणेच पोहोचावे. देशांतर्गत चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते, आणि मुंबईत उभे असलेले एखादे मोकळे विमान पुढे करून कंपनीने तुमची फेरी वेळेवर सोडली, तर नागपूरला अडकलेल्या विमानाकडे बघत घरी बसलेला माणूस मागे राहतो.